कथा लिहिलीय, 'खुंटा' : शेवट पटतो का ते सांगा

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. कथा पहिल्यांदाच टाकतेय. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी मागच्या वर्षी एम.ए. पुरं केलं, ते सगळं मी शेजारच्या खोलीतून पाहिलंय, त्यावरून सुचली. नावं बदललीत, काही प्रसंग मनाचे घातलेत. माझे मिस्टर म्हणतात शेवट फिल्मी झालाय. तुम्ही वाचून सांगा, पटतो का. कथा छोटीच आहे.

*खुंटा*

*पत्र आलं तेव्हा सुनंदा ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. पत्रातलं एकच वाक्य कामाचं होतं, उन्हाळी परीक्षा ही शेवटची संधी. 2020 ला एम.ए. मराठीला नाव घातलं होतं, पहिलं वर्ष मोबाइलवरच्या परीक्षांत निघालं, मग धाकटी झाली आणि दुसरं वर्ष राहून गेलं. आता एक पेपर आणि लघुशोधप्रबंध बाकी होता. विषय सरांनी तेव्हाच दिलेला, जात्यावरच्या ओव्या.*

*"आत्याबाई, तुम्हाला येतात ना ओव्या? सांगा की, लिहून घेते."*

*आत्याबाईंनी दोन सांगितल्या, तिसरीला अडकल्या. "जात्याबिगर न्हाई आठवत गं. हात फिरला की आपसूक येतंय तोंडात."*

*जातं गोठ्यामागं पालथं पडलेलं. खुंटा मोडून कैक वर्षं झालेली. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "पीठ गिरणीतून आणतो की मी, कामून उगं?" पण दुसऱ्या दिवशी सुताराकडून बाभळीचा खुंटा करून आणला, आणि काही न बोलता ठोकून बसवला. पहाटे चारला आत्याबाई पाय पसरून बसल्या, मूठभर ज्वारी घातली, आणि पहिल्याच फेऱ्याला सूर लागला.*

*पहाटंच्या पारी जातं बोलतं घुरूघुरू*
*लेकीच्या माहेराची वाट कितीदा मी फिरू*

*सुनंदानं मोबाइल जात्याशेजारी ठेवला होता. धाकटी तिच्या मांडीवर झोपली होती. थोरल्याचा डबा, गुरांचं पाणी, पाहुणे, लग्नसराई, यात दिवस कसे गेले कळलंच नाही. एप्रिलची 29 तारीख उजाडली, प्रबंधाचं एक पानही झालेलं नव्हतं. रात्री लाइट गेली. सुनंदानं कंदील लावला. रात्रभर ती ऐकत राहिली, लिहीत राहिली. पहाटे साठावं पान संपलं तेव्हा बाहेर कोंबडा आरवत होता. पहिल्या एसटीनं ती विद्यापीठात पोहोचली.*

तर अशी आहे. जे वाटेल ते मोकळ्या मनानं लिहा.

---

हुरडा_पार्टी
"काही न बोलता ठोकून बसवला" इथं थांबलो दोन मिनिटं. आमचे वडील असेच होते. मस्त लिहिलंय ताई.

---

लातूरची_लेक
ताई कथा छानच पण मला एक विचारायचं होतं, माझं पण एम.ए. पहिलं वर्ष झालंय 2012 ला, इतिहास विषय, मग लग्न झालं आणि सुटलं ते सुटलंच, आता मुलगी दहावीला आहे, तर मला पण असं शेवटच्या संधीचं पत्र येईल का की आपण अर्ज करायचा असतो? फी किती पडते?

---

खडू_फळा
मी 31 वर्षं मराठी शिकवलं, त्यातली बरीच वर्षं एम.ए.च्या मुलामुलींचे प्रकल्प पाहिले. आधी लातूरच्या ताईंना सांगतो, मग कथेकडं येतो.

ताई, पत्राची वाट पाहू नका. दोन वर्षांच्या एम.ए.ला वरती आणखी दोन वर्षं मिळतात आणि फारच अडचण असेल तर एक, असं यूजीसीचं 2014 चं धोरण आहे. म्हणजे सगळे मिळून पाच. कथेतल्या सुनंदाचं 2020 ते 2025 बरोबर त्यात बसतं, लेखिकेनं ते नीट धरलंय. तुमचं 2012 चं गणित केव्हाच संपलं. तुम्हाला नव्यानं प्रवेश घ्यावा लागेल, नियमित कॉलेजात किंवा मुक्त विद्यापीठात. जुन्या वर्षाचं काही धरतात का हे तुमच्या विद्यापीठाच्या पात्रता विभागात जुनी गुणपत्रिका घेऊन जाऊन विचारा, फोनवर खरं उत्तर मिळत नाही.

आता कथा. पहिले दोन तृतीयांश मला फार आवडले. "जात्याबिगर न्हाई आठवत" हे शंभर टक्के खरं आहे. खुर्चीत बसवून विचारलं की बाई चार ओव्या सांगते, जात्यावर बसली की चाळीस येतात. पण शेवट मात्र होऊच शकत नाही. मिस्टरांचं म्हणणं बरोबर आहे, फक्त फिल्मी म्हणून नाही, हिशोबानं.

असं बघा. सुनंदाकडं समजा पाच तासांचं रेकॉर्डिंग आहे. गायलेलं ऐकून कागदावर उतरवायला एका तासाला सहा तास तरी जातात, जात्याची घरघर असेल तर जास्तच, कारण प्रत्येक ओळ तीनतीनदा मागं घेऊन ऐकावी लागते. म्हणजे नुसतं उतरवायलाच तीस तास. एका रात्रीत तीस तास कुठून येणार? दोन लेकरांच्या आईला दिवसाला पाऊण तास हाताशी येतो, तोही पहाटेचा. तीस तासांचे पाऊण-पाऊण तास केले तर चाळीस दिवस. लेकराचा ताप, पाहुणे, लग्न यात बारा दिवस तरी बुडणार. पुढं मार्गदर्शकाकडं दोनदा जाणार, एका वेळी दहा दिवस धरा. टाइपिंग, तपासणी, बाइंडिंगला आठवडा. सगळे मिळून 79 दिवस. 30 एप्रिलला द्यायचं असेल तर रेकॉर्डिंग 10 फेब्रुवारीपर्यंत संपलेलं पाहिजे.

तुमच्या कथेत पत्र तुरीच्या शेंगांच्या दिवसांत येतं. म्हणजे जानेवारी. कथेतच वेळ आहे, तुम्ही तो वापरलेला नाही.

---

गोदाकाठ
सरांचं पटलं. माझी एक दुसरी शंका. ओवी म्हटल्यावर चार चरण पाहिजेत, पहिल्या तिन्हीत यमक आणि चौथा लहान. कथेतली तर दोनच ओळींची आहे, ती ओवी कशी? आमचं गाव गंगाखेडजवळ, जनाबाईंचं गाव, तिथं लहानपणापासून हेच ऐकलंय. आणि खेड्यातल्या बायकांचं व्याकरण जरा दुरुस्त करूनच प्रबंधात घालायला पाहिजे, विद्यापीठात जाणार आहे ते.

---

बालाघाटी
गोदाकाठ भाऊ, तुम्ही सांगताय ती ग्रंथातली ओवी. ती पण खरीच. जात्यावरची वेगळी, ती दोन ओळींची असते, गाताना बाई ओळ परत घेते, मधी "गं बाई" टाकते, त्यानं ती लांबते. माझी आजी एक ओवी पाच फेऱ्यांत पुरी करायची.

पण दुरुस्तीचं जे म्हणलात ना त्याला माझा कडक विरोध आहे. मी लेखिकेला तेच विचारणार होतो, की आत्याबाई बोलताना "न्हाई" म्हणतात, "येतंय" म्हणतात, मग गाताना "कितीदा मी फिरू" कशा म्हणतील? आमच्या केज-धारूरकडं त्या वयाच्या बायांच्या तोंडी मी "म्या फिरू" असंच ऐकलंय. तुम्ही नकळत सुधारलंय. एकदा म्या म्हणून बघा आणि एकदा मी म्हणून, घुरूघुरूच्या पुढं म्या कसा जाड पडतो, दगडासारखा.

---

खडू_फळा
बालाघाटींनी नेमकं पकडलं. प्रबंधातून "म्या" निघून गेला की पुरावाच गेला. उद्या कुणी त्या भागाच्या बोलीवर काम करायला बसलं तर त्याला वाटेल 2025 साली तिथल्या म्हाताऱ्या बाया "मी" गात होत्या.

आणि तोंडी परीक्षेत हे पकडलं जातं. मी बाहेरून परीक्षक म्हणून गेलो की एकच करायचो. "चौदावी ओवी कोणत्या फाइलमध्ये आहे? लावा जरा." ज्यानं स्वतः उतरवलंय तो अर्ध्या मिनिटात लावतो, कारण त्यानं ओवीच्या शेजारी फाइलचा नंबर आणि मिनिट लिहिलेलं असतं. ज्यानं कुठूनतरी जमवलंय तो मोबाइल चाचपत बसतो.

---

मांजराकाठ
अरे देवा, म्या! खरंच, मी स्वतः ऐकलेलं म्याच आहे. लिहिताना हात आपोआप मी वर गेला. जाऊबाईंच्या वहीत पण पहिल्या दहा-बारा ओव्यांत असंच झालं होतं, त्यांच्या मॅडमनी लाल पेनानं गोल केलेले, मला तेव्हा वाटायचं मॅडम उलटं कसं सांगतात, शुद्ध खोडून अशुद्ध करा म्हणून.

---

टपरीवरचा
माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे कॉलेजच्या समोर, पंधरा वर्षं झाली. म्या चं मी करण्यात आमचा पण हात असतो. पोरी वहीत बरोबर लिहून आणतात पण टाइप करणारा पोरगा डोळ्यानं म्या वाचतो आणि बोटानं मी मारतो, त्याला सवय झालेली असते अर्ज टाइप करायची. म्हणून मी आता ओव्यांची पानं वेगळी घेतो आणि वहीच्या मालकिणीला शेजारी बसवून वाचून घेतो.

दुसरं एक सांगतो जे कथेत घालता येईल. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एक ताई आल्या, प्रबंध टाइप करून तयार, गावाकडच्या दुकानातून जुन्या फॉन्टमध्ये केलेला. त्यांच्या पेनड्राइव्हवरून आमच्याकडं उघडला तर सगळी इंग्रजी अक्षरं आणि कंस नि टिंबं. कागदावर छापलेलं मराठी दिसत होतं पण फाइलमध्ये मराठी नव्हतंच. आता विद्यापीठ फाइल मागतं, नक्कल तपासायचं सॉफ्टवेअर ती वाचतं, आणि अशा फाइलमध्ये त्याला काहीच सापडत नाही. शून्य टक्के येतं. ताई खूश झाल्या, शून्य आलं म्हणून. ग्रंथालयातल्या माणसानं तिथंच परत केलं, शून्य येणं हीच खूण असते की फाइल वाचली गेली नाही. मग युनिकोडमध्ये बदलून घेतली, तर रफार उडाले, "ऱ्या" तुटले, वेलांट्या एक घर सरकल्या. साठ पानं त्या ताई आणि मी दोन दिवस ओळीनं वाचत बसलो. त्यांचा लहान मुलगा तेवढ्या वेळ आमच्या झेरॉक्सच्या फुकट कागदांवर ट्रॅक्टर काढत होता.

तपासायची सोपी पद्धत, फाइलमधला एक शब्द उचलून व्हॉट्सअॅपवर स्वतःला पाठवायचा. मराठी दिसला तर बरोबर.

---

लातूरची_लेक
टक्के किती चालतात हो?

---

खडू_फळा
दहापर्यंत, 2018 च्या नियमात. संदर्भासह दिलेली अवतरणं आणि संदर्भसूची त्यात धरत नाहीत. पण ताई, तुम्ही आधी प्रवेश तर घ्या :)

---

ज्वारीची_भाकर
सगळे फॉन्टवर घसरले, मला कथेत दुसरंच टोचतंय. नवरा खुंटा बसवतो आणि सगळ्यांच्या डोळ्यात पाणी. मग पुढचे तीन महिने तो कुठं आहे? पहाटे चारला सुनंदा उठते, मांडीवर लेकरू, सहाला डबा. ते लेकरू त्याच्या अंगावर टाकून झोपवता येत नव्हतं का? एक खुंटा ठोकला की झालं का त्याचं?

---

हुरडा_पार्टी
नाही पटलं. आमच्याकडचे पुरुष असेच असतात, कथेत खोटा नवरा उभा करून काय करायचंय?

---

ज्वारीची_भाकर
खोटा कशाला, माझे मिस्टर शेतकरी आहेत, मी डी.एड. नंतर बी.ए. केलं तेव्हा तीन महिने सकाळच्या भाकरी त्यांनी थापल्या. पहिल्या आठवड्यात ज्वारीचं पीठ हाताला चिकटायचं, भाकर परातीतच फाटायची, मग त्यांना कळलं पाणी गरम लागतं. असे पण असतात. ते पण लिहा की कुणीतरी.

---

बालाघाटी
दोघांचं खरं आहे. पण लेखिकेनं त्याला एका वाक्यात संपवलंय हे बरोबर बोलल्या ताई.

---

कातरवेळ
मी रोज वाचते, लिहीत नाही. आज लिहिते कारण सुनंदाचं वाचून माझं आठवलं. माझा विषय होता पोळ्याची गाणी, मुलगा तेव्हा दीड वर्षाचा. सगळं मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं. एके दिवशी मोबाइल भरला म्हणून दिरानं "जुने ऑडिओ" साफ केले. अकरा जणांची गाणी होती. त्यातल्या एक आजी पुढच्या महिन्यात वारल्या. बाकीच्यांकडं परत गेले, सगळ्यांनी परत म्हटली, पण त्या आजींच्या चार ओळी मला अर्ध्याच आठवत होत्या. प्रबंधात मी त्या घातल्याच नाहीत. आठवणीतून पुऱ्या केल्या असत्या तर कुणाला कळलंही नसतं.

तेव्हापासून त्याच दिवशी दुसऱ्या मोबाइलवर पाठवते काहीही असलं तरी. आणि मोबाइल जात्याशेजारी जमिनीवर ठेवू नका, दगडाचा थरथराट जमिनीतून चढतो आणि आवाज बुडतो. बाईच्या तोंडाच्या उंचीवर, जात्याच्या उलट्या बाजूला, स्टुलावर ठेवायचा. खाली घडी घातलेली गोधडी.

---

खडू_फळा
कातरवेळ, त्या चार ओळी तुम्ही घातल्या नाहीत हे वाचून तुमच्याबद्दल मला फार आदर वाटला. पण माझं मत जरा वेगळं आहे. अर्ध्या आठवतात तेवढ्या द्यायच्या होत्या, पुढं टिंबं देऊन, "रेकॉर्डिंग नष्ट, स्मरणातून" असं लिहून. मग त्या आजी प्रबंधात राहिल्या असत्या.

---

कातरवेळ
असेल सर. तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं.

---

मांजराकाठ
दोन दिवस गेले, शेवट परत लिहिला. कंदील काढला. कोंबडा पण काढला. सरांनी दिलेला हिशोब घेतला आणि ज्वारीची_भाकर ताईंचं पण ऐकलंय. बघा.

*रेकॉर्डिंग 8 फेब्रुवारीला संपलं. मग सुनंदानं कॅलेंडरवर चाळीस घरं पेन्सिलीनं गोल केली. पहाटे सव्वाचार ते पाच. कानात एकच वायर, दुसरा कान धाकटीसाठी मोकळा. पहिल्या दिवशी पाऊण तासात सात मिनिटंच उतरली. नंतर आठ व्हायला लागली, त्याच्या पुढं कधी गेली नाहीत.*

*सोळाव्या दिवशी धाकटीला ताप आला. विसाव्या दिवशी उतरला. ती चार घरं गोलच राहिली. एकविसाव्या दिवशी सुनंदा उठली तर नवरा चुलीपुढं बसलेला, धाकटी त्याच्या पाठीला लुगड्यानं बांधलेली. "तू लिही. मी हिला गोठ्यात नेऊन आणतो, वासरू बघितलं की गप्प बसती."*

*एका ठिकाणी ती अडली. म्या की मी, ऐकूच येईना, नेमक्या त्याच जागी जात्यात खडा आला होता आणि दगड करकरला होता. बाराव्यांदा ऐकून ती उठली आणि झोपलेल्या आत्याबाईंना हलवलं.*

*"आत्याबाई, इथं तुम्ही काय म्हणलात?"*

*आत्याबाईंनी डोळे न उघडता उजवा हात हवेत फिरवला, एक फेरा, दोन फेरे. "म्या," म्हणाल्या, आणि कुशीवर वळल्या.*

प्रबंध देण्याचा प्रसंग आता एकाच ओळीत आहे.

---

बालाघाटी
हवेत फिरवलेला हात!! बास. हेच पाहिजे होतं.

---

हुरडा_पार्टी
मला कंदीलवाला पण आवडला होता, खरं सांगतो. पण हा हात सुंदर आहे.

---

खडू_फळा
सात-आठ मिनिटांचा हिशोब अगदी बरोबर बसवलात. एकच राहिलंय. प्रबंधाच्या शेवटी गाणाऱ्या बाईचं नाव, वय, गाव द्यायचं असतं, आणि ते तिला विचारून. कथेत आत्याबाईंचं नाव कुठंच आलेलं नाही.

---

गोदाकाठ
सर, घरातल्याच सासूचं नाव काय विचारून लिहायचं? आणि कथेत त्याची काय गरज?

---

ज्वारीची_भाकर
घरातल्या म्हणूनच विचारायचं. रेशनकार्डाशिवाय कुठं लिहिलं जातं त्यांचं नाव?

---

मांजराकाठ
सर, हे मी कथेत घालावं की नाही अजून ठरेना, म्हणून इथंच लिहिते. जाऊबाईंनी खरोखर विचारलं होतं, नाव लिहू ना तुमचं म्हणून. आमच्या सासूबाई बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "कोणतं लिवणार? हितं आल्यावर ठिवलेलं, का माझ्या मायनं ठिवलेलं? ओव्या तर मायच्या हायत." आम्हा दोघी जावांना तोवर माहीतच नव्हतं की त्यांना दुसरं नाव होतं. बावीस वर्षांत कधी विचारलंच नव्हतं.

जाऊबाईंनी दोन्ही लिहिली. टाइपिंगवाल्यानं फोन केला, ताई एकाच बाईची दोन नावं आलीत, कोणतं खोडू?

---

टपरीवरचा
आमच्या दुकानातला नसेल ना तो पोरगा... उद्या विचारतो त्याला.